भाषणाचा शेवट: घोषणा की शांतता?

जवळा बाजारला आम्ही आज चौथ्यांदा बोलायला आलो आहोत. आधीच्या तीन भाषणांपैकी दोन वाया गेली. दोन्ही भाषणं बरी झाली होती, घोटाळा फक्त शेवटी झाला. आज विषय तोच घेतला आहे: भाषण संपवायचं कसं. त्यातही एकच प्रकार सविस्तर पाहू. शेवटी घोषणा न देता शांत थांबायचं, आणि ते थांबणं आधीच कागदावर लिहून ठेवायचं.

पहिलं भाषण २०१६च्या उन्हाळ्यातलं. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तेच वर्ष. विषय होता ‘कर्ज आणि लाज’. कर्जापेक्षा कर्जाची लाज माणसाला जास्त एकटं पाडते, कारण पैशाचा हिशेब चारचौघांत मांडता येतो, लाजेचा येत नाही, असं आम्ही सांगत होतो. लोक मन लावून ऐकत होते. मोंढ्यातून थेट आलेली माणसं होती, काहींच्या पायांवर अजून धूळ होती. शेवटाकडे आलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आमचा हात वर गेला. आम्ही म्हणालो, “जय जवान!” सभा गरजली, “जय किसान!” तीन वेळा झालं. टाळ्या पडल्या. लोक उठले, सतरंज्या झटकल्या गेल्या.

आम्ही चपला शोधत होतो तेव्हा एक तिशीतला माणूस जवळ आला. म्हणाला, “सर, मला एक इचारायचं होतं. भावाबद्दल होतं. पण घोषणा झाली, मंग लोक उठले.” आम्ही म्हणालो, विचारा की आता. त्यानं आजूबाजूला पाहिलं. चहाचे कप फिरत होते, कोणी आमचा फोटो घेत होतं. “जाऊ द्या सर,” तो म्हणाला, आणि गेला.

पाऊण तास आम्ही जे दार उघडत होतो, ते आमच्याच घोषणेनं बंद झालं. हे का झालं ते आधी समजून घेऊ.

घोषणेची रचना बघा. तिचे दोन भाग असतात. पहिला वक्ता म्हणतो, दुसरा समुदाय म्हणतो. ऐकणाऱ्याला आपला वाटा माहीत असतो. तो वाटा त्यानं मोठ्यानं उच्चारला की त्याचं काम पूर्ण होतं. वाक्याला उत्तर मिळालं, कर्ज फिटलं. म्हणून घोषणेनंतर माणसाला हलकं वाटतं. हे हलकं वाटणं खोटं नाही, आणि घोषणा वाईट असते असंही आम्ही म्हणणार नाही. ‘जय जवान, जय किसान’ ही लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली दिलेली घोषणा. समोर युद्ध होतं, अन्नधान्याची टंचाई होती, सगळ्या देशाला एका दिशेनं चालायचं होतं. मोर्चा निघताना, संप सुरू होताना, सतरा सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन झाल्यावर घोषणा शोभते. सगळ्यांनी मिळून एकच गोष्ट करायची असते तेव्हा घोषणा उपयोगी पडते.

पण ‘कर्ज आणि लाज’ ऐकायला बसलेल्या दोनशे माणसांनी एकच गोष्ट करायची नव्हती. प्रत्येकाच्या घरात वेगळी गोष्ट होती. घोषणेनं त्या दोनशे जणांचा एक आवाज केला, आणि भावाबद्दल विचारायचं होतं त्याचा आवाज त्यात बुडाला. म्हणून आमचा पहिला नियम असा. भाषणाचा शेवट सर्वांनी मिळून करायच्या कामाकडे जात असेल तर घोषणा द्या. प्रत्येकानं एकट्यानं विचार करायच्या गोष्टीकडे जात असेल तर थांबा.

आता आपल्या भागाची एक अडचण आहे. इथून नर्सी जवळ आहे, नामदेव महाराजांचं गाव. औंढा तर अगदी शेजारी. आपला कान कीर्तनावर वाढलेला आहे, आणि कीर्तन गजरानं संपतं. टाळ-मृदंग शिगेला पोचतात, मग आरती, मग प्रसाद. शेवट म्हणजे मोठा आवाज, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. अशा कानासमोर वक्ता अचानक गप्प झाला तर लोकांना ते शेवटासारखं वाटत नाही. काहीतरी बिघडलं असं वाटतं.

हा प्रश्न जुना आहे. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून एक गोष्ट सांगतो. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात, तिसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात, बाष्कली आणि बाध्व यांची कथा दिली आहे. काही जण त्या गुरूचं नाव बाह्व असंही वाचतात. बाष्कलीनं विचारलं, ब्रह्म म्हणजे काय ते सांगा. गुरू गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. गुरू गप्प. तिसऱ्यांदा विचारल्यावर गुरू म्हणाले की मी तर सांगतोच आहे, तुलाच कळत नाही. हा आत्मा शांत आहे.

ही कथा सहसा मौनाचा महिमा सांगायला वापरतात. आम्ही वर्गात ती चाळीस वर्षं तशीच सांगितली. पण वक्ता म्हणून ती वाचा. गुरूंचं मौन पहिल्या दोन्ही वेळा फसलं. शिष्याला वाटलं, गुरूंनी ऐकलं नाही किंवा उत्तर द्यायचं टाळलं. शेवटी गुरूंना तोंड उघडून सांगावं लागलं की हे मौनच उत्तर होतं. म्हणजे मौनाला अर्थ आपोआप येत नाही. हे मौन आहे, विसरणं नाही, हे ऐकणाऱ्याला कळावं लागतं. अधिकारी गुरूसमोर बसलेल्या शिष्यालाही ते कळलं नाही, तर सतरंजीवर बसलेल्या गावकऱ्याला कसं कळेल?

मग मौन कळवायचं कसं? याचा एक चांगला नमुना आपल्या सरकारकडेच आहे. तीस जानेवारीला, हुतात्मा दिनी, सकाळी अकरा वाजता देशभर दोन मिनिटं मौन पाळतात. त्याच्या सूचना वाचल्यात का कधी? जिथं भोंगा आहे तिथं तो दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी सुरू होतो आणि अकरापर्यंत वाजतो. मग दोन मिनिटं शांतता. अकरा वाजून दोन मिनिटांनी पुन्हा भोंगा, तो अकरा वाजून तीन मिनिटांपर्यंत. हिशेब करा. शांतता दोन मिनिटांची, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन मिनिटांचा आवाज. जितकी शांतता तितकाच तिचा उंबरा. ज्यानं हे ठरवलं त्याला मौनाचं शास्त्र कळलं होतं. मौनाला सुरुवातीची खूण लागते आणि शेवटचीही. शेवटची खूण जास्त महत्त्वाची, कारण ती येणार याची खात्री असेल तरच माणूस मधल्या काळात निवांत बसतो.

आता आपल्या शोकसभा आठवा. ‘दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या’ असं म्हणतात. आम्ही अनेकदा घड्याळ पाहिलं आहे. क्वचितच मिनिटभर टिकतं. अर्ध्या मिनिटात कोणीतरी खोकतं, अध्यक्ष डोळे किलकिले करून बघतात, आणि लोक बसतात. वेळ कोण मोजणार आणि संपल्याचं कोण सांगणार हे ठरलेलं नसतं, म्हणून असं होतं.

हे सगळं कळूनही आमचं इथलं दुसरं भाषण फसलं. या वेळी घोषणा द्यायची नाही असं ठरवून आलो होतो. शेवटचं वाक्य बोललो आणि थांबलो. मनात मोजत होतो. एक, दोन, तीन, आणि तिसऱ्याला सूत्रसंचालकानं माईक ओढून घेतला. “सरांनी अतिशय मोलाचे विचार मांडले, जोरदार टाळ्या!” त्यानंतर एक चारोळी, मग आभारप्रदर्शन. मांडववाल्यानं लगेच देशभक्तीचं गाणं लावलं. यात त्या पोराचा काहीच दोष नव्हता. कार्यक्रम रेंगाळू न देणं हे त्याचं काम, आणि ते त्यानं चोख केलं. शांतता आमच्या एकट्याच्या मनात होती. ती कोणाच्याही कागदावर नव्हती.

म्हणून तिसऱ्या वेळी आम्ही ती कागदावर लिहिली. नाटकाच्या संहितेत कंसात सूचना असतात ना, तशी. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे, त्यातला शेवटचा भाग वाचून दाखवतो.

“(शेवटच्या परिच्छेदाआधी, साध्या आवाजात:) आता थोडंच सांगायचं राहिलं. ते झालं की आपण थोडा वेळ गप्प बसू या. टाळ्या नकोत. मग आम्हीच नमस्कार करू.
(शेवटचा परिच्छेद, सुमारे दोन मिनिटं.)
ज्याच्यावर कर्ज आहे तो माणूस घरात गप्प बसलेला असतो. आज रात्री त्याच्याशेजारी जाऊन बसा.
(कागद खाली. हात टेबलावर. नजर मधल्या रांगेवर. दोन पूर्ण श्वास.)
(हात जोडून:) नमस्कार. आम्ही इथंच बसलो आहोत.”

एवढंच आहे. पण यातली एकेक ओळ का आहे ते सांगतो.

पहिली सूचना शेवटच्या परिच्छेदाच्या आधी आहे, शेवटच्या वाक्याच्या आधी नाही. आम्ही आधी ती शेवटच्या वाक्याला चिकटवून लिहिली होती. मोठ्यानं वाचून पाहिल्यावर चूक कळली. ‘आता मी एक वाक्य बोलेन आणि मग आपण गप्प बसू’ असं म्हटलं की लोक त्या वाक्याकडे परीक्षकासारखे बघतात. दोन मिनिटं आधी सांगितलं तर सूचना मागं पडते, फक्त आठवण राहते. तो आपला पहिला भोंगा.

मग शेवटचं वाक्य. आमचं मूळ वाक्य असं होतं: “म्हणून मित्रहो, कर्ज आर्थिक असतं, लाज सामाजिक असते, आणि या दोन्हींविरुद्ध आपण सर्वांनी एकजुटीनं उभं राहिलं पाहिजे.” हे वाक्य घोषणेच्या पोटातलं आहे. त्याच्यानंतर शांतता टिकत नाही, लोक टाळी शोधतात. शांततेआधीचं वाक्य लहान असावं आणि त्यात डोळ्यांना दिसेल अशी एक गोष्ट असावी. गप्प बसलेला माणूस दिसतो. सामाजिक लाज दिसत नाही. शिवाय मराठीची एक सोय आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘बसा’ म्हटलं की वाक्य मिटलं हे कानाला आपसूक कळतं. पण त्यासाठी क्रियापदावर आवाज खाली यावा लागतो. भाषणाच्या भरात आपण शेवटच्या शब्दावर आवाज चढवतो, किंवा ‘आणि…’ म्हणून वाक्य लटकत सोडतो. मग ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो आणि तुमची शांतता त्याला अडखळणं वाटते. प्रश्नानंही शेवट करू नका. गावात प्रश्न विचारला की कोणीतरी उत्तर देतंच, आणि ते योग्यच आहे.

आता लांबी. आम्ही सेकंद लिहिले नाहीत, श्वास लिहिले. मंचावर मनातले आकडे पळतात. घाबरलेल्या माणसाचे दहा सेकंद चार सेकंदांत संपतात. सावकाश घेतलेला एक श्वास, आत आणि बाहेर, चार-पाच सेकंदांचा असतो. दोन श्वास म्हणजे आठ-दहा सेकंद. हे ऐकायला थोडं वाटतं, पण उभं राहून बघा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या सुमारास शाळांच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंद थांबायला शिकले तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. समोरच्याच्या मौनात आपण एक सेकंदसुद्धा थांबत नाही, तर आठ सेकंद ही मोठी मजल आहे.

आमच्या अनुभवात ते आठ-दहा सेकंद असे जातात. पहिले दोन सेकंद लोकांना वाटतं, सर शब्द शोधतायत. मग थोडी चुळबूळ, एखादा खोकला. पाचव्या सेकंदाच्या आसपास सभा खाली बसते. खांदे उतरतात, नजरा वक्त्यावरून निघून जमिनीकडे किंवा समोर कुठंतरी जातात. हीच खूण. नजरा तुमच्यावरून निघाल्या म्हणजे लोक स्वतःकडे गेले. त्यानंतर एक श्वास पुरे. पंधरा सेकंदांच्या पुढं गेलात तर नजरा परत तुमच्याकडे येतात, आणि आता त्यांत काळजी असते: सरांना काही झालं का? तिथं शांतता वक्त्याची होते, ऐकणाऱ्याची राहत नाही. ते प्रदर्शन आहे. घोषणेपेक्षा वाईट.

हात आणि नजर कशासाठी लिहिली? कारण शरीर खूण देत राहतं. कागदाची घडी घातली, चष्मा काढला, पाण्याचा पेला उचलला की संपलं असं लोक समजतात आणि टाळ्या येतात. म्हणून कागद आधीच खाली ठेवायचा आणि मग हलायचं नाही. डोळे मिटू नका, ते प्रार्थनेसारखं दिसतं आणि काही जणांना त्यात सामील व्हायचं नसतं. कोणा एकाकडे रोखून पाहू नका, त्या माणसाला वाटेल आपल्याबद्दलच बोलले.

आणि कागदाच्या तीन प्रती काढल्या. एक आमची, एक सूत्रसंचालकाची, एक ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्याची. सूत्रसंचालकाला सांगितलं, “बाळा, आम्ही खुर्चीवर बसेपर्यंत तू उठायचं नाहीस.” त्याला कारणही सांगितलं. कारण सांगितल्यावर त्यालाच मजा वाटली. मांडववाल्याला सांगितलं की आवाज कमी-जास्त करायचा नाही, कारण बटण फिरवलं की ठप्प असा आवाज होतो आणि लोक दचकतात. गाणं पाच मिनिटांनी. पसायदान होतं, तेही त्या पाच मिनिटांनंतर ठेवलं.

त्या संध्याकाळी शेवटचं वाक्य झालं. आम्ही थांबलो. पंखा फिरत होता, रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. ट्रॅक्टरनं काही बिघडलं नाही. शांतता म्हणजे आवाज नसणं नव्हे, कोणी बोलत नाही एवढंच. दोन श्वास झाले, नमस्कार केला, बसलो. टाळ्या पडल्या नाहीत. खरं सांगतो, क्षणभर आम्हाला ते लागलं. चाळीस वर्षांची टाळ्यांची सवय असते. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या, पदर सावरत पुढं आल्या आणि आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. पिशवीतून बँकेची नोटीस काढली. म्हणाल्या, “ह्यांनी ही डब्यात लपवली व्हती. वाचून दाखवता का?” त्यांच्यामागं आणखी दोघं येऊन उभे राहिले. आम्ही नोटीस वाचली. तारीख उलटून गेलेली नव्हती. गावातले एक वकील सभेला होते, त्यांच्याशी तिथंच गाठ घालून दिली. पुढचं काम त्यांचं. आमचं काम तो पाच मिनिटांचा मोकळा वेळ तयार करण्यापुरतं होतं.

पण हे सगळीकडे चालत नाही. जिथं लोकांना ताबडतोब काही करायचं आहे, पूर आला आहे, अर्जाची तारीख उद्या आहे, तिथं शेवटी तारीख आणि पत्ता दोनदा सांगा आणि मोकळे व्हा. जिथं सभा चिडलेली आहे तिथं शांतता रिकामी राहत नाही, पहिला ओरडणारा ती ताब्यात घेतो. लहान मुलांपुढं एक श्वास पुरे. आणि ज्या भाषणात विचार करायला काही दिलंच नाही, त्याच्या शेवटी थांबलात तर लोकांना तेवढंच कळेल.

हे व्याख्यान काही जण पुढं मोबाईलवर ऐकतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट. ध्वनिमुद्रणात शांतता सगळ्यात आधी कापली जाते. संकलन करणाऱ्याला ती रिकामी जागा वाटते, आणि आवाज स्वच्छ करणारी काही साधनं मागचा पंख्याचा आवाजही पुसून टाकतात. मग ऐकणाऱ्याला वाटतं नेटवर्क गेलं. म्हणून संकलकालाही तोच कागद द्या, आणि मागचा आवाज राहू द्या म्हणून सांगा. पंखा ऐकू येत असला की कळतं, सभा अजून बसलेली आहे. लिहून काढणाऱ्यालाही सांगा, नाहीतर तो तिथं सरळ पुढची ओळ सुरू करतो.

आता थोडंच राहिलं. ते झालं की आपण थोडा वेळ गप्प बसू. टाळ्या नकोत. नमस्कार आम्ही करू.

पहिल्या भाषणानंतर जो माणूस ‘जाऊ द्या सर’ म्हणून गेला, त्याला विचारायला आमच्याकडून फक्त दहा सेकंद हवे होते. ते आम्ही त्याला दिले नाहीत. तुम्ही ज्या सभेत बोलाल तिथंही मागच्या रांगेत असा एक माणूस बसलेला असेल.

(ध्वनिमुद्रणात इथं नऊ सेकंद कोणी बोलत नाही.)

नमस्कार. आम्ही इथंच बसलो आहोत.